तीन कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

मावशीच्या बेकिंग क्लासमधल्या सगळ्या पाककृती कपांतून ग्रॅममध्ये आणायच्या, असं काम हाती घेतलं आहे. सुरुवात न मळता करायच्या पावापासून, कारण तक्रारी त्याच्याच जास्त. कागद एकच, मैदाही बहुतेकींचा एकाच ब्रँडचा, तरी एकीचं पीठ पातेल्यातून ओतता येतं आणि दुसरीचं हाताला चिकटतसुद्धा नाही.

पाककृती मुळात न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरची. मार्क बिटमन यांनी ती नोव्हेंबर २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दिली आणि तिथून ती घरोघरी पोचली. मैदा ३ कप, पाणी १ ५/८ कप (दीड कप आणि वर कपाचा आठवा भाग), मीठ सव्वा छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट पाव चमचा. सगळं कालवून १२ ते १८ तास झाकून ठेवायचं, मग घडी घालून आणखी दोनेक तास, आणि तापवलेल्या जाड भांड्यात झाकण लावून भाजायचं. मळणं नाही, त्यामुळे मळताना हाताला ‘पाणी जास्त झालं’ हे कळण्याची संधीही नाही. पीठ आणि पाण्याचं प्रमाण पहिल्या पाच मिनिटांत ठरतं आणि ते चुकलं तर दुसऱ्या दिवशीच समजतं.

पाण्याचं रूपांतर सोपं. अमेरिकन कप २३६.६ मिलिलिटरचा, त्याच्या १.६२५ पट म्हणजे ३८४ मिलि, म्हणजे ३८४ ग्रॅम. यात वाद नाही. मैद्याला मात्र तीन तक्ते तीन आकडे देतात. किंग आर्थर ही अमेरिकन पीठ कंपनी १ कप म्हणजे १२० ग्रॅम म्हणते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १२५ ग्रॅम आहे. ‘अमेरिकाज टेस्ट किचन’वाले ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅम धरतात. तिघेही जबाबदार, तिघांचेही काटे नीट.

बेकर लोक पाणी मोजताना पिठाला शंभर धरतात. पाणी भागिले पीठ, गुणिले शंभर. याला हायड्रेशन म्हणतात. ते काढून बघितलं:

```
१२० ग्रॅमचा कप : ३६० मैदा, ३८४ पाणी = १०७ टक्के
१२५ ग्रॅमचा कप : ३७५ मैदा, ३८४ पाणी = १०२ टक्के
१४२ ग्रॅमचा कप : ४२६ मैदा, ३८४ पाणी =  ९० टक्के
```

पहिल्या ओळीत पाणी पिठापेक्षा जास्त आहे. हे पावाचं पीठ नव्हे, हे ओतायचं मिश्रण. नेटवर सगळ्यांत जास्त दिसणारा, छापील आणि प्रतिष्ठित १२० चा आकडा घेऊन सरळ गुणाकार केला तर पाककृती मोडते. तेव्हा ‘१ कप = किती’ एवढ्यावर भागणार नाही. लिहिणाऱ्याने कप कसा भरला होता, ते शोधावं लागेल.

९ जानेवारी

आधी कपाचा आकार निकालात काढला, कारण क्लासमध्ये सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावर असतो.

अमेरिकन कप २३६.६ मिलि, तिथल्या पाकिटांवरच्या पोषणतक्त्यासाठी तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५० चा, जपानचा २०० चा. राइस कुकरबरोबर येणारं प्लॅस्टिकचं माप १८० मिलिचं असतं आणि क्लासमधल्या एकीच्या घरी तेच ‘कप’ म्हणून वापरात आहे. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या स्टीलच्या मापांवर कधी २४० लिहिलेलं असतं, कधी २५०, कधी काहीच नाही.

तपासायची रीत: रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम, जवळपास तितके मिलिलिटर. मावशीचा स्टीलचा कप २३८ भरला. माझा प्लॅस्टिकचा, ज्यावर २५० लिहिलं आहे, तो २४५ भरला. पुढची सगळी मापं स्टीलच्या कपाने.

गंमत अशी की या पावापुरता कपाच्या आकाराने फारसा फरकच पडत नाही. मैदा आणि पाणी दोन्ही एकाच कपाने मोजले तर कप मोठा असला की दोन्ही सारखेच वाढतात, भागाकार तोच राहतो. पाव थोडा मोठा होईल इतकंच. जिथे एखादी गोष्ट कपाबाहेरच्या मापाने येते, म्हणजे २ अंडी, यीस्टचं एक पाकीट, ठरावीक आकाराचा टिन, तिथे कपाचा आकार बोचायला लागतो. पण २३७ आणि २५० मधला फरक साडेपाच टक्क्यांचा. माझ्या वरच्या तक्त्यातला १२० आणि १४२ मधला फरक अठरा टक्क्यांचा आहे. संशयित दुसराच.

१२ जानेवारी

आज दिवसभर एकच कप भरत बसले. मैदा त्याच डब्यातला, काटा तोच, फक्त भरायची पद्धत बदलली आणि प्रत्येक पद्धतीने बऱ्याचदा भरून बघितलं.

चाळणीने सरळ कपात चाळला आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट केला, तेव्हा १०७ ते १११ ग्रॅम. डब्यात मैदा चमच्याने हलवून मोकळा केला, चमच्याने कपात अलगद टाकला आणि सपाट केला, तेव्हा ११८ ते १२५. कपच डब्यात खुपसून भरला आणि डब्याच्या कडेवर सपाट केला, तेव्हा १३६ ते १४७. खुपसून भरला आणि ओट्यावर ठोकला, ठोकून खाली बसला म्हणून वर आणखी घातला, तेव्हा १५५ ते १६०.

शेवटची पद्धत मावशीची. मी काट्याकडे बघत होते तेवढ्यात ती म्हणाली, “अगं, न ठोकता मोजलं तर कप पोकळ नाही का राहणार? कमी घातल्यासारखं वाटतं.”

“पण मावशी, लिहिणाऱ्याने ठोकला नसेल तर?”

“मग त्याने तसं लिहायला हवं होतं.”

बरोबर आहे तिचं. तिच्या आईने धान्य मोजायला शिकवलं ते चिपट्या-मापट्याने आणि तिथे हलवून, दाबून, वर शीग लावून देणं हा प्रामाणिकपणा होता. पण ज्वारी किंवा तांदळाचं मापटं कसंही भरलं तरी वजन थोडंच हलतं. दाणे घरंगळतात आणि आपोआप आपली जागा धरतात. पिठाचं तसं नाही. आपल्याकडे धान्य पायलीने विकलं जायचं, पण गिरणीत दळणाचे पैसे किलोवरच ठरतात.

आता आकडे तक्त्यांशी लावून बघितले की सगळं जुळतं. किंग आर्थरचे १२० म्हणजे चमच्याने अलगद भरलेला कप. ते स्वतःच तसं भरायला सांगतात. १४२ म्हणजे डब्यात खुपसून सपाट केलेला, आणि टेस्ट किचनवाले नेमकी तीच पद्धत वापरतात. दोघांच्या मैद्यात फरक नाही, मनगटात आहे.

आणि तीन कपांचा हिशेब केला तर चाळलेल्या आणि ठोकलेल्या मापात जवळपास दीडशे ग्रॅमचा फरक पडतो. म्हणजे एका टोकाला बसलेल्या बाईने दुसरीपेक्षा सबंध एक कप मैदा जास्त घातला आणि तरी दोघींनीही तीनच कप मोजले.

१३ जानेवारी

मैदा इतका दबतो कसा, हे डोळ्यांनी बघायचं होतं. कपातल्या मैद्यात खरा मैदा किती आणि हवा किती?

५०० मिलिच्या मापाच्या जारमध्ये २०० मिलि शेंगदाण्याचं तेल घेतलं. त्यात १०० ग्रॅम मैदा थोडा थोडा घालून बुडबुडे निघेपर्यंत ढवळला. पाणी घेतलं नाही, कारण पाण्यात मैदा फुगतो आणि त्यातलं ग्लुटेन गोळा होतं. तेलात तो जसाच्या तसा बुडतो. तेलाची पातळी ढवळणं थांबवल्यावर २७० च्या जरा अलीकडे आली. म्हणजे १०० ग्रॅम मैद्याच्या कणांनी स्वतःसाठी जेमतेम ७० मिलि जागा घेतली. कणाची घनता साधारण १.४५, पाण्याच्या दीडपट. तेलात मैदा तळाशी जातो तो यामुळेच.

आता कपाकडे परत. चमच्याने भरलेल्या कपात १२१ ग्रॅम मैदा असेल तर कणांनी व्यापलेली जागा ८५ मिलिच्या आसपास. कप २३८ चा. उरलेली दीडशे मिलि हवा आहे. आपण ‘एक कप मैदा’ म्हणून जे मोजतो, त्यात दोन तृतीयांशच्या जवळपास हवा मोजतो. मावशीच्या ठोकलेल्या कपातसुद्धा निम्म्याहून जास्त हवाच आहे.

म्हणून मैद्याला दोन घनता असतात. एक कणाची, ती बदलत नाही. दुसरी ढिगाची, म्हणजे कणांमधल्या पोकळीसकटची. ती चाळणं, ओतणं, ठोकणं, डब्यात महिनाभर बसून राहणं अशा प्रत्येक गोष्टीने बदलते. कप मोजतो ढिगाची. पावाला हवी असते कणांची.

हेच साखरेबरोबर करून बघितलं. कप नुसता भरला तर २०३ ग्रॅम, ठोकून भरला तर २१४. पाच टक्के. मग तीच साखर मिक्सरमध्ये फिरवून पिठीसाखर केली. पदार्थ तोच, कणाची घनता तीच, पण सैल भरलेला कप ११६ ग्रॅमवर आला आणि ठोकल्यावर १६० च्या घरात गेला. साखर दळल्याबरोबर मैद्यासारखी वागायला लागली! म्हणजे मुद्दा पदार्थाचा नाही, कणाच्या आकाराचा आहे.

कारण असं आहे. प्रत्येक कणावर दोन जोर असतात, स्वतःचं वजन आणि शेजारच्या कणाला चिकटून राहण्याची ओढ. कणाचा व्यास निम्मा केला की वजन आठव्या भागावर येतं, पण ओढ साधारण निम्म्यावरच येते. साखरेचा दाणा अर्धा ते दीड मिलिमीटरचा. त्याचं वजन ओढीला सहज हरवतं, तो घसरत जाऊन खाली नीट बसतो. मैद्याचे कण बहुतेक ०.१५ मिलिमीटरहून बारीक. तिथे ओढ जिंकते, कण एकमेकांना धरून कमानी करतात आणि त्या कमानींखाली पोकळ्या राहतात. ठोकलं की कमानी कोसळतात. चाळलं की नव्या बनतात.

औषधांच्या गोळ्या बनवणारे लोक पावडरची ही सवय एका भागाकाराने मोजतात: ठोकलेली घनता भागिले सैल घनता. त्याला हाउसनर गुणोत्तर म्हणतात. १ च्या जवळ असेल तर पावडर वाहते, १.२५ च्या वर गेली की ती चिकटणारी आणि दबणारी समजायची. आपल्या मैद्याचं चाळलेल्यापासून ठोकलेल्यापर्यंत १.४५ येतं, साखरेचं १.०५. मला हा आकडा फार उपयोगी वाटला. जे जिन्नस १ च्या जवळ आहेत ते कपाने मोजले तरी चालतात. काटा बाहेर काढायचा तो बाकीच्यांसाठी.

२० जानेवारी

क्लासमधल्या दोघी मैद्याऐवजी निम्मी कणीक घालतात, म्हणून घरातली बाकीची पिठंही मोजून घेतली. पद्धत एकच, चमच्याने अलगद आणि मग वेगळं ठोकून.

रवा सैल १६६, ठोकून १८०. म्हणजे रवा साखरेच्या बाजूचा, वाहणारा. बेसन सैल ९८, ठोकून १४० च्या पुढे. हे मैद्याहून वाईट. बेसन हाताला जरा तुपकट लागतं, हरभऱ्यातल्या तेलामुळे ओढ आणखी वाढते आणि गुठळ्या होतात. कोको पावडर ८४, आणि तिचा कप दोनदा सारखा भरून दाखवणाऱ्याला मी बक्षीस देईन. तांदळाचं पीठ १५० च्या आसपास. या सगळ्यांना ‘१ कप पीठ’ म्हणणारी पाककृती रव्याच्या कपात कोकोच्या दुप्पट वजन घालायला लावते. ‘१ कप मैदा नसेल तर १ कप रवा’ ही जी सूचना सर्रास दिसते, तिने पीठ जवळपास चाळीस टक्के वाढतं आणि केक कोरडा होतो. दोष रव्यावर जातो.

कणकेचा आकडा एका बैठकीत ठरेना. पिशवीतली सैल कणीक ११० भरली, डब्यातली १२६. गिरणीवाल्या दादांना विचारलं.

ते म्हणाले, “ताई, गिरणीतून पडताना पीठ गरम असतं आणि हवा खाऊन आलेलं असतं. तेव्हा डबा भरून नेलात तर घरी जाईस्तोवर चार बोटं खाली बसतं. लोक म्हणतात पीठ मारलं. म्हणून आम्ही दळणाआधी आणि नंतर वजन करून दाखवतो.”

ती चार बोटं म्हणजेच ११० आणि १२६ मधला फरक. शिवाय जाडं दळण की बारीक, यानेही हलतं. कोंड्याची पापुद्र्यासारखी तुकडी आडवीतिडवी बसते आणि जागा अडवते. किंग आर्थरच्या तक्त्यातही गव्हाच्या सबंध पिठाचा कप ११३ चा, मैद्यापेक्षा हलका.

कणकेच्या बाबतीत एक गोष्ट ग्रॅमनेही सुटत नाही, ती इथे लिहून ठेवते. दगडी जात्याच्या गिरणीत दाबाने स्टार्चचे कण तडकतात आणि तडकलेला स्टार्च पाणी जास्त पितो. वर कोंडाही पितो. त्यामुळे २०० ग्रॅम मैद्याऐवजी २०० ग्रॅम कणीक घातली तर वजन बरोबर, पण पीठ घट्ट. घनतेचा हिशेब झाल्यावर पाणी पिण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

२७ जानेवारी

आता मूळ प्रश्न. लेहींचा कप कसला होता?

सुदैवाने त्यांनीच नंतर पुस्तकात याच पावाचे ग्रॅम दिले आहेत: ३ कप म्हणजे ४०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम. कप १३३ चा, म्हणजे चमच्याचा आणि खुपसून भरायचा यांच्या मधला. हायड्रेशन ७५ टक्के. २००६ च्या कपातल्या पाण्याशी हे जुळत नाही. ४०० ग्रॅमला ३८४ पाणी घेतलं तर ९६ टक्के होतात. म्हणजे बेकरने स्वतः काट्यावर मांडताना पाणी चांगलंच खाली आणलं.

तरी आपला मैदा तो नव्हे. लेहींचं पुस्तक ब्रेड फ्लोअर म्हणजे जास्त प्रथिनांचं पीठ सांगतं, तर आपल्या बाजारातल्या मैद्याच्या पाकिटावर प्रथिनं बहुधा १० ते ११ टक्के दिसतात. म्हणून ४०० ग्रॅम मैदा स्थिर धरला आणि पाणी बदलत चार पातेली कालवली. मीठ-यीस्ट सगळ्यांत सारखं.

३०० ग्रॅम पाणी, ७५ टक्के: कालवल्यावर पीठ चमच्याला धरून एकत्र येतं, पातेल्याची कड जवळपास स्वच्छ राहते, तळाला थोडं कोरडं पीठ उरतं. दुसऱ्या दिवशी फुगलेलं, वर बुडबुडे. ओट्यावर काढल्यावर गोळा गोळाच राहतो. ३२० वर, म्हणजे ८० टक्क्यांना, कडेला चिकटतं, उचललं की लांब तार येते. ओट्यावर हळूहळू पसरतं पण ओल्या हाताने घडी घालता येते. ३४० वर, ८५ टक्क्यांना, घडी घातलेली दिसेनाशी होते, चमचाच लागतो. ३८४ चं पातेलं तिरकं केलं तर पीठ वाहून एका बाजूला जातं.

भाजलं बिडाच्या जाड भांड्यात. भांडं ओव्हनमध्ये २३० अंशांना अर्धा तास तापवून, झाकण लावून ३० मिनिटं, मग काढून २० मिनिटं. ७५ चा पाव उंच आला, आतली भोकं मध्यम. ८० चा जरा बसका, भोकं मोठी आणि ओलसर, साल जास्त कुरकुरीत. मला हाच आवडला, मावशीला पहिला. ८५ चा भांड्याच्या आकाराचा झाला. ९६ चा पाव तळाशी ओला राहिला. कापल्यावर खालच्या बाजूला बोटभर दाट, रबरी पट्टा आणि वर मोठ्ठी पोकळी, जणू साल सुटून वर गेली आहे.

तक्रारींचे फोटो मागवले होते, त्यात तोच पट्टा दिसतो. त्या बायकांना विचारलं तर त्या मैदा चाळून मोजतात, कारण केकच्या पाठात तसं शिकवलं होतं. चाळलेला कप १०८ चा, तीन कप ३२४, पाणी ३८४. हायड्रेशन ११९ टक्के. आणि ज्यांचा पाव ‘कधीच बिघडत नाही’ त्या मावशीच्या जुन्या विद्यार्थिनी, ओट्यावर कप ठोकणाऱ्या. १५८ चे तीन कप ४७४, हायड्रेशन ८१. मावशीची सवय या पाककृतीला नेमकी लागू पडली होती! हे तिला सांगितल्यावर ती काही बोलली नाही, पण दिवसभर खुशीत होती. केकच्या पाठात तीच सवय किती मैदा जास्त घालते, तो हिशेब पुढच्या आठवड्यात.

३ फेब्रुवारी

प्रत्येक पाककृतीचा लेखक नंतर ग्रॅम देत नाही. मावशीच्या वहीत अमेरिकेतून पत्रातून आलेल्या, जुन्या मासिकांतून उतरवलेल्या बऱ्याच आहेत. त्यांचा कप ओळखायला काही खुणा सापडल्या.

‘चाळलेला मैदा १ कप’ आणि ‘मैदा १ कप, चाळून’ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात आधी चाळून मग मोजायचं, कप ११० च्या आत. दुसऱ्यात आधी मोजून मग चाळायचं, कप १२० ते १४०. वहीत उतरवताना हा क्रम कुठे कुठे पुसला गेला आहे, तिथे पाककृतीच्या वयाकडे बघते. बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये कप सपाट करून मोजायची शिस्त छापील केली, तेव्हा पीठ आधी चाळायलाच सांगितलं होतं. त्या वळणाच्या जुन्या अमेरिकन पाककृतींचा कप हलका धरणं सुरक्षित.

पाककृतीत कुठेतरी एखादं वजन सापडलं तर तेच सगळ्यांत पक्कं. अमेरिकन मैद्याच्या पाकिटावर ‘पाव कप, ३० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्या कंपनीचा कप १२० चा. आपल्या पाकिटांवर पोषणतक्ता १०० ग्रॅमला असतो, त्यामुळे ही खूण इथे मिळत नाही.

काहीच नसेल तर आजच्यासारखं उलट जायचं. लोणी, साखर, पाणी, दूध यांचे ग्रॅम पक्के असतात, कारण ते दबत नाहीत. ते मांडायचे, मैदा १२०, १३०, १४० असा तीनदा धरायचा आणि भागाकार त्या जातीच्या पदार्थाला शोभतो का बघायचं. पाव म्हटला तर ६० ते ८० टक्के हवेत. वहीतल्या एका साध्या केकचा हिशेब असा केला: मैदा दीड कप, साखर १ कप म्हणजे २०० ग्रॅम. १२० ने मैदा १८०, साखर त्याहून थोडी जास्त. केकमध्ये हे नेहमीचं. मावशीच्या १५८ ने मैदा २३७ होतो, ५७ ग्रॅम जादा. तिचा हा केक दुसऱ्या दिवशी चुरा होतो म्हणून ती त्यात पाव कप दूध वाढवते. वहीच्या समासात ते दूध तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे. १८० ग्रॅम मैदा घालून केला तेव्हा त्या दुधाची गरज पडली नाही.

१७ फेब्रुवारी

पावाचा कागद पक्का केला: मैदा ४०० ग्रॅम, पाणी ३१० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट पाव छोटा चमचा.

यीस्ट मुद्दाम चमच्यातच ठेवलं. पाव चमचा म्हणजे ग्रॅमच्याही आत, आणि घरातले काटे एक-एक ग्रॅमने सरकतात. त्यावर १ दिसला तरी खरा आकडा अर्धा असू शकतो. यीस्टचे दाणे मोहरीपेक्षा बारीक असले तरी वाहणारे आहेत, ठोकलं तरी फार दबत नाहीत, त्यामुळे सपाट चमचा इथे काट्यापेक्षा खरा. सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा काटा असेल तर गोष्ट वेगळी.

पाण्यासाठी मात्र ३१० च्या पुढे ‘१० ग्रॅम मागे-पुढे’ असं लिहिलं. मैद्यात स्वतःचा ओलावा असतो, साधारण ११ ते १४ टक्के, आणि पावसाळ्यात उघड्या डब्यातला मैदा वरच्या टोकाकडे जातो. ४०० ग्रॅममध्ये तीन टक्के म्हणजे १२ ग्रॅम पाणी, जे काटा मैदा म्हणून मोजतो. कपाच्या दीडशे ग्रॅमपुढे हे काहीच नाही, पण जुलैच्या बॅचला १० ग्रॅम कमी पाण्याने सुरू करायला सांगेन. उन्हाळ्यात १८ तासही ठेवायचं नाही, १० तासांतच बघायचं. ते तापमानाचं काम आहे, वजनाचं नाही.

कागदावर कप अजिबात नकोत असं माझं मत होतं. मावशी म्हणाली, “काटा नसलेल्या दोघी-तिघी असतातच, त्यांनी काय करायचं?” म्हणून खाली एक ओळ वाढवली आहे: काटा नसेल तर २४० मिलिच्या कपाने, मैदा हलवून, चमच्याने भरून, न ठोकता सपाट केलेले सव्वातीन कप, पाणी त्याच कपाने सव्वा कप आणि वर दोन छोटे चमचे.